कोटेशन म्हणजे टायपिंग नव्हे

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली आणि एका कंपनीत नवीन ग्राहकांना कोटेशन पाठवायच्या कामाला लागली. तिचा एक मेल मी तिच्या नकळत वाचला. वस्तू, दर आणि खाली चार ओळी, एवढंच. यात कसलं करिअर? नोकरी सोड, बँकेच्या परीक्षा दे म्हणतो, तर ऐकत नाही. तुम्हीच समजवा.

उत्तर : समजवायचं तर तुम्हालाच समजवावं लागेल. कमावत्या मुलीचे मेल तिला न विचारता वाचणं मला परीक्षांपेक्षा जास्त खटकलं. शिवाय त्यात कंपनीचे दर असतात, ते घरातही उघडे करायचे नसतात. हे आधी थांबवा.

बँकेच्या परीक्षा तिला द्याव्याशा वाटल्या, तर नोकरी सांभाळूनही तयारी होते.

आता त्या ‘चार ओळी’. दर साहेब ठरवतात, मुलगी फक्त उतरवून काढते, हा तुमचा समज आहे. समजा, 40 नग, प्रत्येकी 500, एकूण 20,000. कर 10 टक्के. ‘कर वेगळा’ हे दोन शब्द मेलमध्ये असतील तर ग्राहक 22,000 देतो. ते राहिले, तर तो 20,000 कर धरूनच समजतो आणि तेवढेच द्यायला तयार होतो. त्यातून कर भरला की कंपनीच्या हातात 18,182 उरतात. या मालावर नफाच 2,000 धरला असेल, तर शिल्लक राहिली 182. दर साहेबांनी अगदी बरोबर काढले होते, नफा गेला तो खालच्या ओळीत.

मुदतीचंही तसंच. ‘दर 30 दिवस वैध’ लिहिलं तर 30 दिवस कधीपासून, यावर वाद होतो. थेट शेवटची तारीख लिहावी. मुदतच नसेल तर कच्चा माल महागल्यावर ग्राहक जुना मेल काढून त्याच दराने ऑर्डर देतो. मग नाही म्हणा किंवा तोटा सोसा. ‘चार आठवड्यांत माल’ हेही अर्धंच वाक्य. ऑर्डर आल्यापासून की आगाऊ रक्कम जमा झाल्यापासून? पैसे येईपर्यंत घड्याळ सुरू होणार नसेल, तर ते लिहूनच द्यावं लागतं. वाहतूक कोणाची, उरलेले पैसे माल निघण्याआधी की पोचल्यावर, हेही त्याच मेलमध्ये.

म्हणून मी तिला नोकरी सोडायला सांगणार नाही. मात्र नुसता जुना नमुना उघडून ग्राहकाचं नाव बदलत बसली, तर दोन वर्षांनीही ती तिथेच असेल, हे तिलाही सांगेन. दर कसा बसतो, त्यात माल किती, मजुरी किती, सवलत कुठवर देता येते, हे तिने साहेबांकडून शिकून घ्यावं. ग्राहकाची ऑर्डर आली की ती आपल्या कोटेशनशी ओळीने ताडून पाहावी. पैसे देण्याची अट तिथे गुपचूप बदललेली सापडते. हे जमलं, की विक्री किंवा खरेदी विभागात बढती मागायला तिच्याकडे कारण असेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या.