चिमणीच्या टोकापर्यंत वायू किती थंड होतो?

प्रश्न: ३० मीटर उंच, १ मीटर व्यासाची, उष्णतारोधक आवरण नसलेली पोलादी चिमणी आहे. तळाशी वायू २००°से., बाहेर ३०°से. वर किती उरेल?

उत्तर: तापमान सरळ रेषेत नाही, घातांकी वक्राने उतरतं:

```
T2 = Ta + (T1 - Ta) * exp(-U*A/(m*cp))
```

इथे T1 तळाचं, T2 टोकाचं आणि Ta बाहेरचं तापमान; U म्हणजे आतून बाहेरपर्यंतचा एकूण उष्णता-संक्रमण गुणांक, A चिमणीचा पृष्ठभाग, m वायूचा प्रवाह आणि cp त्याची विशिष्ट उष्णता. वायूचा प्रवाह ३ किग्रॅ/से. धरू, म्हणजे m·cp ≈ ३१५० वॅट/के. आतला उष्णता-संक्रमण गुणांक १२ आणि बाहेरचा २० (वॅट/मी²·के) घेतला तर U = ७.५. पृष्ठभाग ९४ मी². घातांक -०.२२४ येतो आणि टोकाला सुमारे १६६°से. मिळतात.

पण खरी काळजी पत्र्याची करा. टोकाला त्याचा आतला पृष्ठभाग जेमतेम ८१°से. असतो. इंधनात गंधक असेल तर त्यावर आम्ल साचून पत्रा खाल्ला जातो. वायूचं तापमान पाहून हे कळत नाही.