पंधरा लाखांचं ते कव्हर नक्की कोणाचं?

प्रश्न: "मुलगी साडेसोळा वर्षांची आहे, मागच्या महिन्यात तिचं लर्निंग लायसन्स काढलं. कॉलेज आणि क्लाससाठी १२५ सीसीची स्कूटर बघितली, ऑन रोड १ लाख २० हजार. २० हजार भरायचे, बाकी १ लाख कर्ज, १० टक्के फ्लॅट, ३ वर्षं, हप्ता साधारण ३,६००. बायको म्हणते ११० घ्या, १२५ला पिकअप जास्त असतो. दुसरीकडे एकाने ६५ हजारांची इलेक्ट्रिक दाखवली. तिला लायसन्स-पासिंग काही लागत नाही आणि स्पीड ४५पर्यंत 'ओपन' करून देतो म्हणाला. गाडी माझ्या नावावर असेल. इन्शुरन्समध्ये १५ लाखांचं अपघात कव्हर आहे, त्यामुळे ती काळजी नाही. २ लाखांची एफडी आहे. ती मोडू की कर्ज घेऊ? आणि ११० घेऊ की १२५?"

उत्तर: एफडी मोडू नका आणि कर्जाच्या कागदावर सहीही करू नका. तुमच्या मुलीला आज ११० चालवता येत नाही आणि १२५ही नाही.

घरात ठेवलेलं लर्निंग लायसन्स काढा आणि वाहनाच्या प्रकाराचा रकाना वाचा. १६ ते १८ या वयात फक्त ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी चालवता येते. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ४ तेच सांगतं. त्या वयाच्या अर्जावर पालकाची लेखी संमती लागते, म्हणजे तुम्ही सही केलीत ती ५० सीसीसाठी. अडचण अशी की ५० सीसीची नवी पेट्रोल स्कूटर आज शोरूममध्ये जवळपास मिळतच नाही. म्हणून सगळे "लर्निंग आहे ना, मग चालतंय" म्हणत ११०-१२५ घेऊन मोकळे होतात. शोरूमवाला हे सांगणार नाही, त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

१ सप्टेंबर २०१९पासून कलम १९९अ लागू आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. याला अपवाद आहे. मुलाकडे लर्निंग लायसन्स असेल आणि तो त्या लायसन्सात बसणारीच गाडी चालवत असेल, तर पालक सुटतो. तुमची सगळी भिस्त पहिल्या अर्ध्या अटीवर आहे आणि दुसऱ्या अर्ध्या अटीवर ती कोसळते. मालक आणि पालक दोन्ही तुम्हीच, तेव्हा "मला माहीत नव्हतं" म्हणायलाही जागा उरत नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या आणि सगळ्यात महागात पडणाऱ्या गोष्टीकडे येतो. ते १५ लाख.

पॉलिसीचा कागद उघडा. तिथे 'मालक-चालक' असा शब्द असेल. हे वैयक्तिक अपघात कव्हर गाडीच्या मालकाचं असतं, आणि तेही तो स्वतः वैध लायसन्स घेऊन गाडीवर असताना. गाडी तुमच्या नावावर आणि हँडल मुलीच्या हातात, तर तिच्यासाठी या कव्हरमधून शून्य रुपये. शिवाय तुमच्या बाबतीतही ते फक्त मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. मोडलेल्या हाताचं ऑपरेशन, रॉड, प्लेट, आठ दिवसांची खोली यातलं काहीच त्यात येत नाही. विकणाऱ्याने "१५ लाखांचं कव्हर" एवढंच सांगितलं आणि तुम्ही ते मुलीचं समजलात. असं समजणारे तुम्ही पहिले नाही, कारण ते विकलंच तसं जातं.

मोठा आकडा समोरच्याचा असतो. समजा तुमच्या मुलीच्या स्कूटरच्या धडकेत ३० वर्षांचा, महिना २५ हजार कमावणारा माणूस गेला, मागे बायको, दोन मुलं आणि आई. अपघात दावा न्यायाधिकरण साधारण असा हिशेब करतं. वर्षाचे ३ लाख. भविष्यातल्या पगारवाढीचे ४० टक्के धरून ४ लाख २० हजार. चार अवलंबित म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, राहिले ३ लाख १५ हजार. २६ ते ३० या वयाला गुणक १७. झाले ५३ लाखांच्या वर, बाकीच्या किरकोळ रकमा वेगळ्या.

हे थर्ड पार्टी विमा भरणार, बरोबर? योग्य लायसन्स असेल तर भरतो. चालकाकडे त्या गाडीचं लायसन्सच नसेल आणि मालकाने ते माहीत असून गाडी दिली असेल, तर न्यायाधिकरण बरेचदा विमा कंपनीला सांगतं की आधी पीडितांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. वकिलांच्या भाषेत 'पे अँड रिकव्हर'. मालक तुम्ही. तुमची एफडी २ लाखांची आहे, वसुली ५३ लाखांची असेल. आणि तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर सरळ नाकारला जाईल.

इलेक्ट्रिकवाल्याचं बोलणं अर्ध खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. मोटरची ३० मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, या तिन्ही अटी पाळणारी आणि अधिकृत तपासणी संस्थेने तशी प्रमाणित केलेली गाडी कायद्याने मोटार वाहनच नाही. तिला लायसन्स, नोंदणी, विमा काही लागत नाही. मात्र यातली एक अट जरी मोडली की ती मोटार वाहन होते, आणि तीही विनानोंदणी, विनाविमा. 'ओपन' करणं म्हणजे बहुतेक वेळा कंट्रोलरमधून निघणारी मर्यादेची एक छोटी जोडवायर काढणं किंवा मोड बदलणं. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांत वरचे ५३ लाख थेट तुमच्या अंगावर येतात, कारण इथे आधी पैसे भरायला विमा कंपनीसुद्धा नाही.

अशा गाड्यांची खूणही सांगतो. जाहिरातीत "नो लायसन्स" आणि मोटरवर १,००० वॉट, असं एकत्र दिसलं की तिथून निघा. दुकानदाराकडे पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेचं त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. "कंपनीकडे आहे, नंतर देतो" याचा अर्थ नाही असाच घ्या. वेग स्टँडवर चाक फिरवून बघू नका, तिथे भार नसतो आणि काटा खोटं बोलतो. सपाट रस्त्यावर कोणा मोठ्याने चालवून मोबाइलच्या जीपीएसवर बघावा.

आणि ही फक्त कायद्याची गोष्ट नाही. ताशी २५ला गाडी सेकंदाला ७ मीटर जाते, ५०ला १४. नवशिक्याला ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. बऱ्यापैकी ब्रेक लागले तर २५ला एकूण १२ मीटरमध्ये थांबता येतं, ५०ला ३३ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की नुसतं ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. २५साठी बनवलेल्या बारीक टायरवर आणि साध्या ड्रम ब्रेकवर ४५चा वेग घेणं म्हणजे काय, ते यावरून कळेल. १२५ सीसीपर्यंतच्या नोंदणीकृत गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारं सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं आहे. मोटार वाहनच नसलेल्या गाडीला ती सक्ती नाही.

प्रमाणित, न छेडलेली २५ची गाडी मग घ्यावी का? रस्ता आतला असेल, म्हणजे बाकीची वाहनंही हळूच जातात असा, तर कायद्याने चालेल. मोठ्या रस्त्यावर ६०च्या रहदारीत २५ने जाणारी गाडी स्वतःच अडथळा ठरते. माझं मत विचाराल तर तुमच्या बजेटमधून ६५ हजार दीड वर्षाच्या सोयीसाठी काढण्यापेक्षा बस आणि सायकल बरी.

आता कर्ज. १० टक्के फ्लॅट म्हणजे १० टक्के नव्हे. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर लावतात. ३,६०० गुणिले ३६ म्हणजे जवळपास १ लाख ३० हजार, खरा दर १७-१८ टक्के. आणि मुलगी १८ची होईपर्यंत तुमचे १८ हप्ते, म्हणजे सुमारे ६५ हजार, अशा गाडीसाठी गेलेले असतील जी तिने कायद्याने एक दिवसही चालवलेली नाही. तोवर विम्यासाठी धरली जाणारी गाडीची किंमतही पाचव्या हिश्श्याने उतरलेली असेल.

तेच ३,६०० आवर्ती ठेवीत टाका. १८ महिन्यांत ६५ हजार आणि वर थोडं व्याज, त्यात डाउन पेमेंटचे २० हजार. तिच्या अठराव्या वाढदिवसाला हातात ८५ हजारांच्या वर असतील. उरलेले पस्तीस एक हजार एफडीतून घ्या. हप्ता नाही, बोजा नाही. आणि हे करण्याआधी एक काम: घरात फ्लोटर आरोग्य विमा नसेल तर तो घ्या. मुलगी कोणाच्याही मागे बसून पडली तरी हॉस्पिटलचं बिल तोच भरेल, आणि अपघातासाठी त्याला पहिल्या ३० दिवसांची वाट पाहावी लागत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर गिअर नसलेल्या दुचाकीसाठी, ५० सीसीची मर्यादा नसलेलं लर्निंग नव्याने काढावं लागेल. ते ६ महिने चालतं, पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. हे ३० दिवस नवी गाडी नको. घरातल्या किंवा नातेवाइकाच्या विमा असलेल्या स्कूटरवर, मागे लायसन्सवाला बसवून शिकू द्या. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा, पाटी १८ सेंटिमीटर चौरस. शिकवणाऱ्याखेरीज मागे कोणी नाही, मैत्रीण तर नाहीच.

११० की १२५? दोन्हींच्या ताकदीत जेमतेम एखाद्या अश्वशक्तीचा फरक असतो, नवशिक्याचा अपघात त्याने ठरत नाही. मी ब्रेक बघेन. ११०मध्ये बहुतेकदा पुढे ड्रम असतो, १२५च्या वरच्या प्रकारात पुढे डिस्क मिळते. मग पुढचं चाक १२ इंची घ्या, १० इंची चाक खड्ड्यात जास्त शिरतं. सीटवर बसून तिची दोन्ही पावलं सपाट टेकली पाहिजेत. बोटांवर उभी राहत असेल तर सिग्नलला शंभर-एकशेदहा किलो तिच्या अंगावर कलतील. या तिन्ही गोष्टी ज्या गाडीत जमतील ती घ्या, सीसी कोणताही असो. हेल्मेट आयएसआयचंच, पण गाडीबरोबर फुकट मिळतं ते नको, तिच्या डोक्यावर घालून बघून घ्या. पट्टा बांधून मागून पुढे ढकलल्यावर निघत असेल तर माप चुकलं.

आणि खरेदी पक्कं लायसन्स हातात आल्यावरच, गाडी तिच्या नावावर. म्हणजे मालक-चालक तीच होईल आणि तुम्ही आज तिचे समजताय ते १५ लाख पहिल्यांदा खरोखर तिच्यासाठी लागू होतील.