पावसाचे महिने चालतात, फाईल अडकल्याचे नाही

प्रश्न: "खानापूर रोडला आमच्या फाउंड्रीचं नवीन शेड चाललंय. टर्म लोन त्यासाठीच काढलंय, पण वाढीव खर्च कॅश क्रेडिटमधून, म्हणजे सीसीतून गेला. सीसीचं व्याज शेडच्या खर्चात किती घालायचं? आणि पावसात काम बंद आहे, ते महिने सोडायचे का? पुढच्या आठवड्यात ऑडिटर येणार आहेत."

उत्तर:

तुमची पोस्ट वाचताना हा माणूस माझ्याच खुर्चीत बसलाय असं वाटलं. आमचंही शेड, आमचंही टर्म लोन आणि सीसी, फक्त आम्ही बेळगावच्या उद्यमबागेतले. आधीच सांगतो, मी सीए नाही. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आयुष्य गेलेला माणूस आहे. शेवटचा शब्द तुमच्या ऑडिटरचा. आमच्याकडे कर्जाच्या व्याजाचं अकाउंटिंग स्टँडर्ड एएस 16 लागू होतं. तुम्हाला इंड एएस 23 लागू असेल तर काही बारीक फरक आहेत, पण खाली लिहितोय तो भाग दोन्हीकडे तसाच आहे.

टर्म लोनचं सोपं असतं. प्रत्यक्ष लागलेलं व्याज धरायचं आणि न वापरलेली रक्कम एफडीत ठेवली असेल तर तिचं व्याज त्यातून वजा करायचं. आमचे आकडे गोल करून देतो. 1 जुलैला दीड कोटी एकरकमी उचलले, दर 10 टक्के. त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरला 80 लाख दिले आणि उरलेले 70 लाख तीन महिने 6 टक्क्यांनी एफडीत टाकले. मार्चपर्यंतच्या नऊ महिन्यांचं व्याज 11.25 लाख, एफडीचं 1.05 लाख, म्हणून शेडवर गेले 10.20 लाख.

घोळ सीसीत होतो. आम्ही 1 ऑक्टोबरला 1 कोटी 20 लाख दिले आणि 1 जानेवारीला 1 कोटी. ऑक्टोबरच्या पैशात टर्म लोनचे उरलेले 70 लाख संपले, म्हणजे बाकीचे 50 लाख आणि जानेवारीचे पूर्ण 1 कोटी सर्वसाधारण कर्जातून गेले. मी मार्चअखेरीस दीड कोटीला सीसीचा 11 टक्के दर लावून साडेसोळा लाख टाकले होते. ऑडिटरांकडे आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीने पेन्सिलने खुणा करत दोन चुका दाखवल्या. पैसे वर्षभर अडकलेलेच नव्हते. 50 लाख सहा महिने, 1 कोटी तीन महिने, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने 25 आणि 25, मिळून 50 लाखच. आणि दर एकट्या सीसीचा घ्यायचा नसतो. सर्व सर्वसाधारण कर्जांचं एकूण व्याज भागिले त्यांची सरासरी बाकी, हा तो दर. आमची सीसी सरासरी 3 कोटी, व्याज 33 लाख. बाहेरून घेतलेलं दुसरं कर्ज 1 कोटी, व्याज 9 लाख. 42 भागिले 400, म्हणजे साडेदहा टक्के. 50 लाखांवर झाले 5.25 लाख. साडेसोळाच्या जागी सव्वापाच! असं काढलेलं व्याज त्या वर्षी प्रत्यक्ष लागलेल्या व्याजाहून जास्त होता कामा नये, तेवढं तपासून घ्या.

ही चूक वेळेत सापडली, त्यामुळे फक्त लाज गेली. पैसे गेले ते दुसऱ्या वर्षी, आणि तुमचा पावसाचा प्रश्न तिथेच येतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात काम थांबतं, त्यात कुणाला नवल नाही. अशा वेळी व्याज थांबवायचं नसतं. स्टँडर्डमध्ये उदाहरणच पुलाचं आहे. त्या भागात बांधकामाच्या काळात नदीला पूर येणं नेहमीचंच असेल, तर त्यामुळे काम लांबलं तरी व्याज चालू ठेवायचं. आमचेही जुलै-ऑगस्ट त्याच नियमाने ऑडिटरांनी एका शब्दात मान्य केले.

पण सप्टेंबरात पाऊस ओसरला तरी काम सुरू झालं नाही. शेडच्या एका बाजूचं अंतर नकाशात जुळत नव्हतं, म्हणून एका कार्यालयाने सुधारित परवानगीशिवाय काम करायचं नाही असं लेखी कळवलं. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, बेळगावकरांना अंदाज येईलच. आर्किटेक्टने सप्टेंबरभर नकाशे नव्याने काढले आणि फाईल दिली. मग चार महिने फेऱ्या. अर्ज कन्नडमध्ये टाईप करून घेतला, तर एक पान राहिलं म्हणून परत. पान जोडलं, तर साहेब रजेवर. खिडकीतल्या क्लार्कचं "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या, एवढं पाठ झालं की घरी नातू खाऊ मागायचा तर मीही त्याला तेच म्हणायचो. साइटवर एक वॉचमन, सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्री आणि खांबांतून वर आलेल्या गंजक्या सळया. बस्स.

मी मात्र दर महिन्याला व्याज सीडब्ल्यूआयपीला, म्हणजे चालू बांधकामाच्या खर्चाला टाकत राहिलो. माझ्या मते "प्रकल्प रद्द झालेला नाही, कर्ज चालू आहे, व्याज चालू आहे." ऑडिटरांनी एकच प्रश्न विचारला, "काम चालू होतं का?" दीर्घ काळ सक्रिय काम थांबलं आणि भरीव तांत्रिक किंवा प्रशासकीय कामही चालू नसेल, तर त्या काळाचं व्याज नफातोट्यात जातं. मी म्हटलं, आमचा पाठपुरावा चालू होता. ते म्हणाले, फेऱ्या मारणं म्हणजे तांत्रिक किंवा प्रशासकीय काम नव्हे. सप्टेंबर त्यांनी मान्य केला, कारण त्या महिन्याचे तारखेसह सुधारित नकाशे आणि आर्किटेक्टचं बिल होतं. ऑक्टोबर ते जानेवारीत दाखवायला काहीच नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरचं बिल नाही, मजुरांची हजेरी नाही, सिमेंटचा खप शून्य.

सगळा खर्च 3 कोटीच धरला तर टर्म लोनचे चार महिन्यांचे 5 लाख, आणि सीसीवाल्या दीड कोटीवर साडेदहा टक्क्यांनी सव्वापाच लाख. एकूण 10.25 लाख एका नोंदीत नफातोट्यात. त्या वर्षी सीसी नूतनीकरणाला बँकेने नफा का पडला म्हणून प्रश्नांची रांग लावली, आणि खुलासा मलाच लिहावा लागला.

त्यावर आयकराची गंमत बघा. आयसीडीएस 9 मध्ये काम थांबलं म्हणून व्याज भांडवली धरणं थांबवायची तरतूदच नाही. मालमत्ता वापरात येईपर्यंत ते व्याज तिच्याच किमतीत. म्हणजे पुस्तकात नफा कमी झाला, पण करात त्या चार महिन्यांची वजावट नाही. दोन वेगळे हिशेब ठेवायचे आणि मधल्या फरकाचा डिफर्ड टॅक्स. आमच्या मालकांना हे समजावताना चहाचे तीन कप संपले, तरी ते शेवटपर्यंत "म्हणजे दोन्हीकडून आपलाच तोटा?" हेच विचारत होते.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच, आज रात्री बसून काम बंद असलेल्या प्रत्येक महिन्यापुढे कारण लिहा: पाऊस, नकाशा, की नुसती वाट बघणं. जे महिने "वाट बघणं"मध्ये पडतील, ते ऑडिटर यायच्या आधी स्वतःच काढा. साइट इंजिनिअरची डायरी मागवा. ती नसेल तर कॉन्ट्रॅक्टरची रनिंग बिलं आणि सिमेंटची चलनं तारखेने लावा. माझ्या मते बाकी कुठल्याही कागदापेक्षा ऑडिटर त्यांवरच जास्त विश्वास ठेवतो, पण हे माझं मत, तुमच्याकडे वेगळं असू शकतं.

अजून एक, प्रश्नाबाहेरचं. टर्म लोनसाठी वेगळं खातं उघडा. आमचं लोन सीसी खात्यातच जमा झालं होतं, आणि कुठला रुपया शेडला गेला नि कुठला कच्च्या लोखंडाला, हे शोधण्यात मार्चचे दोन रविवार गेले.

परवानगीचा कागद आम्हाला फेब्रुवारीत मिळाला. त्यावर तारीख मात्र डिसेंबरची होती.