काळा कुर्ता राखाडी, पँटला गोळे आणि लिननच्या चुण्या

प्रश्न: «मी वाकडला राहते, सोसायटीत बहुतेक वेळा टँकरचे पाणी येते. चांगल्या दुकानातून घेतलेला काळा सुती कुर्ता वर्षभरात राखाडी दिसू लागला आहे. ऑफिसच्या मिश्र कापडाच्या पँटला मांड्यांपाशी गोळे आले आहेत आणि लिननचा शर्ट इस्त्री करूनही चुरगळलेलाच दिसतो. मीठ आणि तुरटी दोन्ही करून पाहिले. कपडे टाकून द्यायचे का?»

कपडे टाकून देण्याआधी कुर्त्याची एक साधी परीक्षा करावी, कारण काळा कपडा राखाडी दिसला म्हणजे त्याचा रंग गेलाच असे नव्हे. कुर्त्याच्या खालच्या मुडपीची आतली बाजू उलटून पाहावी. तिथे ऊन आणि घर्षण फारसे पोचलेले नसल्यामुळे मूळ रंग टिकून असतो. ही आतली बाजू आणि समोरचा राखाडी झालेला भाग, दोन्ही बोटाने पाणी लावून भिजवावेत आणि खिडकीपाशी शेजारी धरून पाहावेत. ओले असताना दोन्ही सारखेच काळे दिसले, तर रंग कापडातच आहे आणि वरचा थर त्याला झाकतो आहे. समोरचा भाग ओला असतानाही तांबूस किंवा तपकिरी दिसला, तर मात्र रंगच उडाला आहे. तो धुण्याच्या कोणत्याही युक्तीने परत येत नाही, कपडा पुन्हा रंगवून घेणे एवढाच मार्ग उरतो.

वरचा थर दोन प्रकारचा असतो. पहिला साक्याचा. महापालिकेच्या नळाला येणारे पवना धरणाचे पाणी तुलनेने मृदू असते, पण टँकरचे पाणी बहुधा बोअरवेलचे असते आणि त्यातील क्षार साबणाशी संयोग पावून कापडावर बसतात. असा कपडा वाळल्यावर कडक लागतो आणि शिवणींच्या कडेने पांढुरक्या रेषा दिसतात. त्यासाठी अर्ध्या बादली थंड पाण्यात साधारण अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून कुर्ता अर्धा तास बुडवून ठेवावा आणि मग साध्या पाण्यात दोनदा खळबळावा. हे शेवटचे पाणी टँकरचे नसले तर उत्तम, पावसाळ्यात मी त्यासाठी पागोळीचे स्वच्छ पाणी धरून ठेवतो. कुर्त्याला खऱ्या शिंपल्याची बटणे असतील तर हा उपाय करू नये, कारण आम्लाने त्यांची चकाकी जाते. तसेच व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दुसरा थर लवेचा असतो आणि माझ्या पाहण्यात हेच कारण जास्त वेळा निघते. धुताना आणि वापरताना घर्षणाने सुताचे बारीक तंतू तुटून वर उभे राहतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून खालचा काळा रंग धुरकट दिसतो. कापड डोळ्यांच्या रेषेत आडवे धरून उजेडाकडे पाहिले की ही लव स्पष्ट दिसते. व्हिनेगरने तिला काहीही होत नाही. रंगीत कपड्यांसाठीच्या काही डिटर्जंटमध्ये सेल्युलेज नावाचे विकर असते, ते सुती कापडावरील हे सुटे तंतू हळूहळू कमकुवत करून झाडून टाकते. पुड्यावरील घटकांत ते नाव शोधावे आणि कोमट पाण्यात काही धुण्यांनंतर फरक पाहावा. हे डिटर्जंट लोकर आणि रेशमाला मात्र लावू नये, कारण अशा मिश्रणात बहुधा प्रथिने तोडणारे विकरही असते आणि लोकर व रेशीम ही प्रथिनेच आहेत.

मीठ आणि तुरटीचा गुण न येण्याचे कारण सरळ आहे. मीठ रंगाईच्या वेळी रंग सुताकडे ओढण्यासाठी वापरतात आणि तुरटी वनस्पतिजन्य रंग पक्के करण्यासाठी. बाजारातल्या सुती कपड्यांचे आजचे रंग बहुतेक कृत्रिम असतात आणि कारखान्यातून निघालेल्या कपड्यावर घरच्या बादलीत या दोन्हींचा काही उपयोग होत नाही. पुढचे नुकसान टाळायचे असेल तर कुर्ता उलटा करून, टॉवेल आणि जीन्स यांच्यापासून वेगळा, थंड पाण्यात आणि छोट्या आवर्तनात धुवावा. पांढऱ्या कपड्यांसाठीच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्ये असतात आणि ती काळ्या रंगावर फिकट झाक आणतात, म्हणून काळ्यासाठी वेगळे द्रव डिटर्जंट ठेवावे. वाळत घालताना कुर्ता उलटाच ठेवावा आणि तोही गॅलरीच्या सावलीत. एप्रिल-मे महिन्यांतले पुण्याचे ऊन सावलीतही कपडा दुपारपर्यंत वाळवते, त्यामुळे उन्हाची गरज नसते.

पँटच्या गोळ्यांचे गणित वेगळे आहे. सुती कापडावर आलेले गोळे बरेचदा स्वतःहून तुटून गळतात, पण मिश्र कापडातील पॉलिस्टरचा तंतू इतका चिवट असतो की तो गोळ्याला कापडाशी बांधून ठेवतो. मांड्यांपाशी गोळे येण्याचे कारण चालताना आणि दुचाकीच्या सीटवर होणारे घर्षण. अशा ठिकाणी गोळे नखाने ओढून काढू नयेत, कारण प्रत्येक ओढीबरोबर धाग्यातून नवे तंतू बाहेर येतात आणि पुढच्या गोळ्यांची तयारी होते. त्यांना कापायचेच असते. बॅटरीवर चालणारे लिंट रिमूव्हर मिळते, ते वापरताना पँट टेबलावर सपाट ताणून धरावी, यंत्र दाबू नये आणि छोट्या गोलाकार हालचालींनी फिरवावे. शिवण, खिशाची कड आणि बटणे यांपासून दूर राहावे, तिथे पाते कापड कापते. लव पुन्हा येईल, हे गृहीत धरावे, आणि प्रत्येक वेळी कापडही थोडे विरळ होते, म्हणून यंत्र गोळे दिसू लागल्यावरच चालवावे, दर धुण्याला नव्हे.

लिननबद्दल एवढेच, की चुणी हा त्या कापडाचा स्वभावच आहे, पण इस्त्रीने ती न जाण्याचे कारण बहुधा कोरडेपणा असते. लिनन आणि सुती तंतूंना ओलाव्यात आकार बदलता येतो आणि वाळताना ते मिळालेला आकार धरून ठेवतात. म्हणूनच मशीनमध्ये जोरात पिळून तासभर तसाच राहिलेला शर्ट त्या चुण्या पक्क्या करून बाहेर येतो. पिळण्याचा वेग कमीतकमी ठेवावा, शर्ट लगेच काढून दोनदा झटकावा, कॉलर आणि पट्टी हाताने ओढून सरळ करावी आणि हँगरवर टांगावा. किंचित दमट असतानाच कडक इस्त्री करावी. पूर्ण वाळला असेल तर पाणी शिंपडून गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवावा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते.

चौकातल्या इस्त्रीवाल्याकडे देत असाल, तर काळा कुर्ता उलटा करून द्यावा आणि तसे त्याला सांगावे. कोळशाची तापलेली इस्त्री सुलट बाजूने फिरली की लव दाबली जाऊन शिवणींवर आणि खिशांच्या कडांवर चकाकी येते. पॉलिस्टरच्या पँटवर तर तंतू उष्णतेने वितळू लागतात आणि ती चकाकी कायमची राहते. त्यामुळे पँट मध्यम आचेवर, वर ओले फडके ठेवून करायला सांगावी.