आधी पेटीचं माप घे, मग कोर्सचं बघू

*मॅडम, माझं बी.कॉम. झालंय. सांगलीत एका वितरकाच्या गोडाऊनमध्ये दोन वर्षं बिलिंग आणि डिस्पॅच बघतोय. खाद्यतेल आणि वेफर्स असा माल जिल्हाभर जातो. मालक नवीन ईआरपी सॉफ्टवेअर घेतायत आणि त्यातलं ट्रान्सपोर्टचं काम मी सांभाळावं असं म्हणतायत. एका क्लासने एसएपी टीएम, म्हणजे एसएपीच्या वाहतुकीच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्स सुचवलाय, फी 70 हजार. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. करू का? मला नक्की काय शिकावं लागेल?*

आत्ता कर्ज काढू नकोस. मालक कोणतं सॉफ्टवेअर घेतायत ते तू लिहिलेलं नाहीस. ते एसएपी नसेल, तर कोर्समध्ये शिकलेले स्क्रीन तुला गोडाऊनमध्ये बघायलाही मिळणार नाहीत. सॉफ्टवेअर कोणतंही असो, त्याच्या पोटात चालणारं काम मात्र एकच असतं आणि ते शिकायला तुझ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. एका फेरीचा हिशोब करून दाखवते, म्हणजे मी काय म्हणतेय ते लक्षात येईल.

समज, सांगलीहून मिरज, कवठे महांकाळ आणि जत अशी गाडी जायची आहे. गाडीची क्षमता 2,500 किलो. हौदा 10 बाय 6 बाय 6 फूट, म्हणजे 360 घनफूट. पण पेट्यांमध्ये फटी राहतात, वर ताडपत्री येते, म्हणून 85 टक्केच धरायचे: 306 घनफूट. तेलाची पेटी साडेअकरा किलोची आणि 0.6 घनफुटाची. वेफर्सची पेटी फक्त 3 किलोची, पण अडीच घनफुटाची. तिन्ही गावांच्या ऑर्डर मिळून तेलाच्या 150 आणि वेफर्सच्या 100 पेट्या आहेत.

वजन होतं 2,025 किलो. गाडी 81 टक्के भरली, अजून जागा आहे, असं स्क्रीन सांगेल. आता आकारमान काढ: तेलाचे 90 आणि वेफर्सचे 250, एकूण 340 घनफूट. म्हणजे 34 घनफूट माल बसत नाही. वेफर्सच्या 14 पेट्या फलाटावर राहणार, हे कॉम्प्युटरला माहीतच नसतं, कारण आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, आकारमानाचा रकाना रिकामा असतो किंवा कुणीतरी सगळीकडे 1 भरून ठेवलेला असतो.

मी अकरा वर्षं डिस्पॅचमध्ये काम केलं. ईआरपी बसवताना सगळ्यात जास्त त्रास याच रकान्याने दिलेला मी पाहिलाय. तुझ्याकडे हा दोष आहे का, ते ओळखायची खूण सोपी आहे. रिपोर्टमध्ये गाड्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरलेल्या दिसतात आणि तरी संध्याकाळी गोडाऊनमध्ये हलक्या मालाच्या पेट्या पडून असतात. असं दिसलं की हमालांना दोष देऊ नकोस, मास्टर उघड.

त्या राहिलेल्या पेट्यांचं पुढे काय होतं तेही बघ. बरेच वितरक आधी बिल काढतात आणि मग गाडी भरतात. मिरजेच्या दुकानदाराच्या बिलावर वेफर्सच्या 50 पेट्या छापलेल्या असतात, गाडीत असतात 36. ई-वे बिल निघालं असेल तर तेही बिलावरूनच, 50 पेट्यांचं. वाटेत तपासणी झाली तर कागद आणि माल जुळत नाही. दुकानात माल कमी उतरतो, क्रेडिट नोट काढावी लागते आणि त्या दुकानदाराची उधारी पुढच्या महिन्यापर्यंत मिटत नाही. म्हणून क्रम असा लाव: ऑर्डर, मग गाडीचा लोड प्लॅन, मग गोडाऊनमधून माल काढणं, प्रत्यक्ष भरणा, आणि त्यानंतरच बिल व ई-वे बिल. ऐनवेळी गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या पार्ट-बीमध्ये गाडीचा नवा नंबर टाकल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मालकांना हा क्रम पटवणं हेच तुझं पहिलं मोठं काम असेल. त्यांना बिल लवकर निघालेलं आवडतं, त्यामुळे वेळ लागेल.

लोड प्लॅनमधली एक गोष्ट सॉफ्टवेअरपेक्षा तुझे हमाल चांगली सांगतील. जतचा माल शेवटी उतरतो, म्हणून तो आधी, केबिनच्या बाजूला. मिरजेचा माल दाराशी. त्याच वेळी तेल खाली आणि वेफर्स वर, नाहीतर चुरा होतो. म्हणून प्रत्येक गावाचा वेगळा कप्पा करून त्यात खाली तेल, वर वेफर्स असे रचावे लागतात. ज्या गावात आठवडी बाजार असेल तिथे त्या दिवशी दुकानदाराला माल उतरवून घ्यायला फुरसत नसते. ही माहिती कस्टमर मास्टरमध्ये डिलिव्हरीची वेळ म्हणून भरली, तरच रूट ठरवताना तिचा उपयोग होतो.

आता भाडं. आपल्या फेरीतून वेफर्सच्या 14 ऐवजी सरळ 15 पेट्या दुसऱ्या गाडीवर टाकल्या, की 85 उरतात आणि माल 302.5 घनफुटांत बसतो. फेरीचं भाडं 6,000 रुपये धरू. ते वजनावर वाटलं तर वेफर्सच्या पेटीवर सुमारे 9 रुपये पडतात आणि तेलाच्या पेटीवर सुमारे 35. पण गाडी भरली ती वेफर्सने. म्हणून वाहतूकदार आकारमानाचं वजनही धरतात. घनफुटाला किती किलो हे ज्याच्या त्याच्या करारात असतं. आपण 7 धरू. त्या हिशोबाने वेफर्सची पेटी साडेसतरा किलोची ठरते. तेलाची 4.2 येते, पण खरं वजन त्याहून जास्त असल्याने साडेअकराच धरायचं. दोन्हींपैकी जे जास्त, ते आकारणीचं वजन. आता वेफर्सच्या पेटीवर सुमारे 33 रुपये येतात आणि तेलाच्या पेटीवर साडेएकवीस.

9 आणि 33 मधला फरक किती मोठा आहे, ते मालकांना कागदावर दाखव. मी जिथे होते तिथे भाडं वर्षभर फक्त किलोवर वाटलं जात होतं. हलका माल फायद्याचा दिसत होता, म्हणून लांबच्या गावांना तोच जास्त पाठवला जात होता. चूक माझ्याही टेबलावरून गेली होती आणि ती आठवली की अजून वाईट वाटतं.

माझ्या हिशोबात जत आणि मिरजेच्या पेटीवर सारखंच भाडं पडलंय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिथे अंतरही गुणायला हवं. ते तू स्वतः करून बघ. वाहतूकदाराच्या बिलातली हमाली आणि गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे मात्र या भाड्यात मिसळू नकोस. त्यांना वेगळे रकाने दे, नाहीतर कोणत्या दुकानात गाडी दोन-दोन तास उभी राहते ते कधीच कळणार नाही.

पुढचे दोन महिने मेजरटेप आणि वजनकाटा घेऊन तुमच्या सगळ्या पेट्यांची मापं घे, एक्सेलमध्ये भर आणि रोजच्या एका फेरीचा असा हिशोब मांड. त्यानंतरही एसएपीकडे जावंसं वाटलं, तर क्लासमध्ये डेमो माग. त्यांना म्हण, हीच फेरी घ्या, फ्रेट युनिट, म्हणजे एकत्र जाणाऱ्या मालाचा गट, बनवा, फ्रेट ऑर्डरमध्ये, म्हणजे गाडीच्या फेरीच्या नोंदीत, गाडीचं आकारमान भरलेलं दाखवा, आणि भाडं आकारणीच्या वजनावर काढून वाहतूकदाराच्या बिलाच्या सेटलमेंटपर्यंत न्या. ते करून दाखवणारा शिक्षक भेटला तर मला पुन्हा लिही, फीचं आपण तेव्हा बोलू.