रिझ्युमेतलं 'पूर्ण' म्हणजे नक्की कुठवर?

प्रश्न: रत्नागिरीत एका ऑफिसात चार वर्षं आर्किटेक्ट आहे. एका जाहिरातीत ऑटोकॅड आणि रेव्हिट, साइट कोऑर्डिनेशन, शिवाय पूर्ण झालेली किमान दोन रिसॉर्ट किंवा होमस्टेची कामं मागितली आहेत. माझ्याकडे गुहागरचा सहा खोल्यांचा होमस्टे, गणपतीपुळ्याजवळचं बारा खोल्यांचं रिसॉर्ट आणि सात बंगले आहेत. रेव्हिट फक्त कॉलेजात केलंय. अर्ज करू का? रिझ्युमेत काय बदलू?

अर्ज करा. पण गणपतीपुळ्याचं रिसॉर्ट आज कोणत्या टप्प्यावर आहे, ते तुम्ही इथेही लिहिलेलं नाही. जाहिरात देणारा पहिलं तेच विचारेल.

दापोलीत माझं छोटं ऑफिस आहे, त्यामुळे असे रिझ्युमे माझ्याकडे बरेच येतात. 'रिसॉर्ट, गणपतीपुळे' असं लिहून खाली झकास थ्रीडी व्ह्यू लावलेला असतो. व्ह्यू काय, जोत्याचा दगड बसण्याआधीही काढता येतो. आम्ही 'पूर्ण झालेलं' मागतो, कारण काही चुका शेवटीच कळतात. एका मुलाला मी 'पूर्ण' वाचून घेतलं होतं. त्याचं काम प्रत्यक्षात स्लॅबपर्यंतच झालेलं. माझ्याकडे त्याने बाथरूमची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा किती खाली, हे ड्रॉइंगवर लिहिलंच नाही. गवंड्याने सगळं एका लेव्हलला बसवलं आणि आंघोळीचं पाणी पलंगाखाली! चूक माझीही होती. मी टप्पा विचारला नव्हता.

म्हणून प्रत्येक कामाची एक ओळ अशी लिहा: 'होमस्टे, गुहागर, 6 खोल्या. संकल्पनेपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत. वर्किंग ड्रॉइंग आणि साइट माझ्याकडे.' प्रमाणपत्र मिळण्याआधी तुम्ही दुसऱ्या कामावर गेला असाल, तर तसं लिहा. रिसॉर्टसमोर 'स्लॅब झाला, फिनिशिंग सुरू' किंवा जे खरं असेल ते. म्हणजे दोनपैकी एक पूर्ण आणि एक चालू. हे मेलमध्येच सांगून टाका, शोधायला लावू नका. सातातला एखादा बंगला मुळातच पर्यटकांना द्यायला म्हणून आखला असेल, प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम आणि बाहेरून वेगळी वाट असेल, तर तो होमस्टेच्या खाली येऊ शकतो. मालक मे महिन्यात भाड्याने देतो एवढ्यावर नाही. उरलेले बंगले दोन ओळींत उरका.

साइट कोऑर्डिनेशन हा शब्द मात्र सगळ्यांच्याच रिझ्युमेत असतो आणि त्यातून काहीच कळत नाही. तुमच्या होमस्टेत जांभ्याच्या भिंती गिलावा न करता उघड्या ठेवल्या असतील, तर तुमच्याकडे लिहायला चांगली गोष्ट आहे. गिलाव्याच्या भिंतीत इलेक्ट्रिशियन मागाहून खाच पाडतो, पाइप टाकतो आणि गिलाव्यात सगळं झाकलं जातं. उघड्या चिऱ्यात पाडलेली खाच कायमची दिसते. त्यामुळे पलंग कुठे, दिव्याचं बटण कुठे, एसी कुठे, हे भिंत चढायच्या आधीच ठरवून गवंडी आणि इलेक्ट्रिशियनला एकाच ड्रॉइंगवर द्यावं लागतं. ते तुम्ही दिलं का? आठवड्यातून किती फेऱ्या मारल्या? साइटवर काही अडलं म्हणून कोणतं ड्रॉइंग बदललं? या तिन्हींची उत्तरं दोन वाक्यांत लिहिली की 'कोऑर्डिनेशन' हा शब्द नाही लिहिला तरी चालेल.

सॉफ्टवेअरच्या पुढे चार-पाच ठिपके रंगवून ठेवू नका. चार ठिपके म्हणजे किती येतं, हे मला आजवर कळलेलं नाही. ऑटोकॅडसमोर लिहा की मंजुरीचे नकाशे, वर्किंग ड्रॉइंग, बाथरूम आणि जिन्याचे डिटेल स्वतः काढले. रेव्हिटसमोर 'कॉलेजात, ऑफिसात वापर नाही' लिहा आणि ती कमतरता आत्ताच भरायला घ्या. तोच गुहागरचा होमस्टे रेव्हिटमध्ये उभा करा: भिंती, कौलारू उतरतं छप्पर, दारं-खिडक्यांचं शेड्यूल, दोन-तीन शीट. छपराच्या पन्हळीत, म्हणजे दोन उतार आत येऊन मिळतात तिथे, हमखास अडाल; तिथे कसं सोडवलं तेच मुलाखतीत सांगा. खोटं 'दोन वर्षं रेव्हिट' लिहिलंत, तर समोर मशीनवर बसवल्यावर दहा मिनिटांत कळतं.

ड्रॉइंग ऑफिसचं असतं, तेव्हा पोर्टफोलिओत घालण्याआधी तुमच्या सरांना विचारा आणि मालकाचं नाव, सर्व्हे नंबर झाका.

आणि होमस्टेचा व्ह्यू काढून टाका, तिथे एक पावसाळा गेल्यानंतरचा फोटो लावा. पागोळ्या कुठे पडतात, चिऱ्यावर शेवाळ कुठवर चढलंय, खिडकीच्या लोखंडी गजांना गंज आलाय का, ते त्यात दिसतं. मी तरी तो फोटो समोर ठेवूनच प्रश्न विचारीन.