ग्राहकाला "आवडेल का" विचारू नका, "कुठे जावं लागलं" ते विचारा

प्रश्न: माझं छोटं दुकान आहे. नवीन कोणत्या वस्तू ठेवाव्या किंवा कोणती सर्व्हिस सुरू करावी हे ठरवायला ग्राहकांना कोणते चार-पाच प्रश्न विचारू? गूगल फॉर्म पाठवला तर चालेल का?

गूगल फॉर्म नका पाठवू, आणि चार-पाच प्रश्न पण नको, दोन पुरे. आता हे इतकं ठासून काहून सांगते ते सांगते, कारण यावरून आमच्या घरात अजून वाद सुरू आहे.

नागपुरात आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका भरपूर, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे एमपीएससी, बँक, पोलीस भरतीची पोरं-पोरी, शिवाय शाळेतल्या पोरांचे आईबाबा. दुकान मी बघते, माझे दीर संध्याकाळी येऊन बसतात. लॉकडाऊननंतर धंदा बसला तेव्हा काहीतरी नवीन जोडायचं ठरलं. भाऊजींनी मोबाईलवर फॉर्म बनवला, चौदा प्रश्न, आणि सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, त्यांच्या शाळेच्या बॅचच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. त्यात एक प्रश्न असा होता: "आमच्याकडे फोटो मग आणि टी-शर्ट प्रिंटिंग सुरू झालं तर तुम्हाला आवडेल का?" जवळजवळ सगळ्यांनी हो केलं. मी तेव्हाच म्हटलं, भाऊजी, तुमच्या मावशी अमरावतीला राहतात, त्या आपल्याकडे टी-शर्ट छापायला येणार आहेत का? तर म्हणे वहिनी, डेटा आहे हा.

मशीन आली. त्यामागून हीट प्रेस, सब्लिमेशनच्या म्हणजे उष्णतेने कपड्यावर उतरणाऱ्या शाईचा वेगळा प्रिंटर, कोऱ्या मगांचे खोके. फेब्रुवारीत थोडी ऑर्डर आली, मग सगळं थंड. त्यात सब्लिमेशन पक्कं बसते ते पॉलिस्टरच्या फिक्या कपड्यावर, आणि पोरं घेऊन यायची घरचे काळे कॉटनचे टी-शर्ट. परत पाठवावं लागायचं. ती शाई वापरात नसली की हेडमध्ये सुकते, नोझल चोक होते, म्हणून काम नसतानाही अधूनमधून टेस्ट प्रिंट काढत राहायचं. म्हणजे गिऱ्हाईक नाही आणि खर्च मात्र सुरूच.

आता गफलत कुठे झाली ते बघा. "आवडेल का" याला नाही म्हणायला समोरच्याला काही कारणच नसते. हो म्हणायला पैसे लागत नाहीत, मालकाला बरं वाटते, विषय संपतो. दुसरं, वस्तूचं नाव आपणच घेतलं की त्या माणसाच्या डोक्यात त्याआधी ती गरज होती का, हे आता कधीच कळणार नाही. तिसरं, भरणारे कोण होते? दुकानात पाय न ठेवणारे. या तीन भोकांतून कितीही मोठा आकडा गळून जाते, पन्नास जणांनी फॉर्म भरो नाहीतर पाचशे जणांनी.

मी नंतर माझ्या पद्धतीने केलं. झेरॉक्सच्या रद्दी कागदाचे पाव तुकडे कापले आणि त्यावर दोनच प्रश्न छापले:

"गेल्या महिन्यात कागदपत्राचं, प्रिंटचं किंवा स्टेशनरीचं असं कोणतं काम होतं जे दुसऱ्या दुकानात करावं लागलं? कुठे गेलात आणि किती पैसे दिले?"

"आमच्याकडे येऊन काम न होता परत जावं लागलं असं कधी झालं का? काय काम होतं?"

बस. नाव नाही, मोबाईल नंबर नाही. नंबर मागितला की लोक जपून लिहितात, आणि पोरी तर चिठ्ठी हातातच घेत नाहीत. चिठ्ठीवर डिस्काउंट पण नाही दिला, कारण डिस्काउंट दिला की माणूस काहीही खरडून देते आणि दहा टक्के सूट घेऊन जाते.

पहिल्या प्रश्नात "किती पैसे दिले" हे सगळ्यात कामाचं. पोरीनं "फोटो-सहीचं काम, बर्डी, पन्नास रुपये" असं लिहिलं, म्हणजे ती गरज खरी आहे, तिच्यासाठी ती उन्हात बर्डीच्या बाजारापर्यंत गेली आणि खिशातून पैसे काढले. यापेक्षा पक्का पुरावा कोणत्याही फॉर्ममध्ये भेटत नाही. महिन्याची मुदत पण मुद्दाम घातली, वर्षभराचं विचारलं तर लोकांना आठवत नाही आणि मग ते अंदाजाने लिहितात.

विचारायचं कोणी, हे पण महत्त्वाचं. मी स्वतः विचारलं की "नाही नाही ताई, तुमच्याकडे सगळं भेटते." आमच्या दुकानातला पोरगा बाइंडिंग करता करता विचारायचा तेव्हा त्याच पोरी सरळ सांगायच्या की तुमच्याकडे सकाळी साडेनऊपर्यंत शटरच बंद राहते. वेळ पण वाटून घ्या. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बारा ते पाच कोणी बाहेर निघत नाही, तेव्हा जे दोन-चार येतात ते फार अडलेले. सकाळी अभ्यासिकेची पोरं, संध्याकाळी आईबाबा. एकाच वेळी चिठ्ठ्या भरून घेतल्या तर एकाच प्रकारचं गिऱ्हाईक बोलते. म्हणून मी सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे वेगळे ठेवले.

दोनेकशे चिठ्ठ्या जमल्या. तीसेक टक्के कोऱ्या किंवा "काही नाही", त्या तशाच ठेवायच्या, "काही नाही" हे पण उत्तर आहे. बाकीच्या कामाप्रमाणे लावल्या. सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला ऑनलाईन अर्जाच्या फोटो-सहीचा, चाळीसच्या आसपास. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बँकेच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशा मापात लागते, वर अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेलं डिक्लेरेशन. मोबाईलवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा. पोरं कुठलंतरी ॲप वापरून दाबतात, मग सही अशी फाटते की अर्ज रिजेक्ट व्हायची भीती. त्याखालचा गठ्ठा त्याच दिवशी स्पायरल बाइंडिंगचा. मग ए-थ्री झेरॉक्स, दहाच्या आत, पण सगळे डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे, ड्रॉइंगवाले. गिफ्ट आर्टिकल दोघं-तिघं. फोटो मग छापायचा एकही नाही.

पण नुसते गठ्ठे मोजून ठरवू नका. प्रत्येक गठ्ठ्याला दोन गोष्टी विचारायच्या: हे काम एका माणसाला वर्षात किती वेळा पडते, आणि ते करायला आपल्याला नवीन काय लागते. ए-थ्रीवाले थोडे, पण सेमिस्टरभर येत राहणारे. मात्र त्यासाठी वेगळी मशीन घ्यावी लागते, दहा जणांच्या भरवशावर मशीन घेणं म्हणजे परत तोच मगचा किस्सा. फोटो-सहीला काहीच नवीन लागत नव्हतं. स्कॅनर होता, कॉम्प्युटर होता, पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही घ्यायची, स्कॅन करायची, मापात कापायची. लागत होता तो वेळ. एका गिऱ्हाईकाला दहा-बारा मिनिटं, आणि तेवढ्यात काउंटरवर झेरॉक्सची रांग. हे चिठ्ठीत कोणी लिहीत नाही, हे आपल्यालाच समजायला पाहिजे. म्हणून वेगळं टेबल टाकलं, शटर लवकर उघडून अभ्यासिकेतल्याच एका पोराला सकाळी आठ ते दहा बसवलं आणि एक महिना नुसतं करून बघितलं. बोर्ड पण नाही बनवला, ए-फोरवर प्रिंट काढून काचेला चिकटवली. दर चाळीस रुपये ठेवला, कारण चिठ्ठीतच तीस ते साठ लिहून आलं होतं. चालली. अर्जाच्या शेवटच्या तारखेला साइट हँग होते आणि पोरं आपल्यावर चिडतात, तेवढा त्रास आहे. आणि ओटीपी, पासवर्ड गिऱ्हाईकालाच टाकायला लावा, आपण हात लावायचा नाही.

चिठ्ठीसोबत आणखी एक वही ठेवा काउंटरखाली. कोणी काही मागितलं आणि आपण "नाही जी" म्हटलं की तिथेच वस्तूचं नाव आणि एक रेघ. आमच्या वहीत ग्राफ पेपरच्या पॅडसमोर रेघाच रेघा होत्या, आणि चिठ्ठीत ते एकानेही लिहिलं नव्हतं, कारण पाच-दहा रुपयाच्या वस्तूसाठी कोणी आठवण ठेवत नाही. छोट्या वस्तू वहीतून कळतात, सर्व्हिस चिठ्ठीतून. दोन्हीकडे आलेली गोष्ट डोळे झाकून सुरू करा.

भाऊजी अजून म्हणतात की वहिनी, तुमचं सॅम्पल छोटं होतं, माझं मोठं. अहो पण मोठं कोणाचं? सोसायटीच्या ग्रुपवरचे लोक मोठे, पण गिऱ्हाईक नव्हेत ना. दुकानात उभा राहून पैसे देणाऱ्या चाळीस जणांचं म्हणणं मी कधीही वर धरीन. ते असंही म्हणतात की माणसाला जे माहीतच नाही ते तो मागणार कसं, म्हणून आपणच सुचवावं. याच्यात थोडं खरं आहे, पण सुचवायचंच असेल तर "आवडेल का" नका विचारू, "ॲडव्हान्स देता का" विचारा. मगसाठी आधी पन्नास रुपये ॲडव्हान्स घेऊन दहा ऑर्डर जमवल्या असत्या आणि माल बाहेरून छापून आणला असता, तर मशीन घ्यायची की नाही ते आपोआप कळलं असतं. हे मी मशीन यायच्या आधी बोलले होते, घरात सगळ्यांना माहीत आहे.

गूगल फॉर्म अगदीच वाईट असं नाही. तुमचं गिऱ्हाईक डब्यासारखं रोजचं, ठरलेलं असेल आणि सगळ्यांचे नंबर तुमच्याकडे आधीच असतील, तर हेच दोन प्रश्न फॉर्मवर पाठवा, पर्याय न देता, लिहायची जागा ठेवून. पर्याय दिले तर लोक पहिला-दुसरा टिक करून मोकळे होतात, द्यायचेच असतील तर अर्ध्या लोकांना उलट्या क्रमाने द्या.

आणि हो, तुम्ही दुकान कशाचं ते लिहिलंच नाही. खाण्यापिण्याचं असेल तर माझं सगळं जसंच्या तसं लावू नका. चव कोणी कागदावर सांगू शकत नाही, तिथे थोडा माल करून चाखायला द्या आणि कोण दुसऱ्यांदा पैसे देऊन मागते ते मोजा. जे दुकानात येतच नाहीत त्यांचं पण या चिठ्ठ्यांतून काही कळत नाही, त्यासाठी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन तोच पहिला प्रश्न विचारा, तिथे लोक निवांत असतात आणि दुकान तुमचं आहे हे माहीत नसल्यावर खरं बोलतात.